पायलट अभ्यास चुकला, आणि तोच प्रोफाइलमध्ये सर्वांत वर गेला

## पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरच्या एका औषधनिर्माण संशोधिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, कंपनी आणि औषध गाळलं आहे आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

त्यांनी एम. फार्म. आणि पीएच. डी. नागपुरातच केली, विषय फार्मास्युटिक्स. पुढची नऊ वर्षं बुटीबोरीच्या बाजूला एका जेनेरिक औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागात काढली. औषधाचा रेणू ठरलेला असतो. तो किती पावडरींबरोबर, कोणत्या क्रमाने, कोणत्या थरात बांधला की पोटात गेल्यावर हवा तसा सुटेल, हे शोधणं म्हणजे फॉर्म्युलेशनचं काम. त्यांचा हातखंडा होता दिवसातून एकदा घ्यायच्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांमध्ये.

कंपनीने संशोधन विभाग हैदराबादला हलवायचं ठरवलं. सासूबाईंचं दुखणं आणि मुलीची दहावी, त्यामुळे नागपूर सोडणं शक्य नव्हतं. शहरात आणि मिहान परिसरात प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ जागा मोजक्याच. त्यामानाने प्रकल्प व्यवस्थापन, औषधांच्या सरकारी मंजुऱ्या सांभाळणारे नियामक व्यवहार, उत्पादन-नियोजन अशा जागा होत्या, काही घरून काम करता येण्यासारख्याही. पण त्या जागांसाठी येणारा अर्ज आधी एचआरवाले वाचतात, मग उत्पादन किंवा वित्त विभागाचे प्रमुख. यातल्या बहुतेकांनी प्रयोगशाळेचं दार कधी उघडलेलं नसतं.

नोकरीच्या अर्जासोबत जाणारं त्यांचं प्रोफाइल दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं तेव्हा अर्ज पाठवून बरेच आठवडे झाले होते.

## अडचण

प्रोफाइल पाच पानांचं होतं. पहिल्या पानावर ११ शोधनिबंधांची यादी, दुसऱ्यावर हाताळलेली यंत्रं, तिसऱ्यापासून प्रकल्प. प्रकल्पांच्या नोंदी साधारण अशा होत्या (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

> क्यूबीडी पद्धतीने एचपीएमसी मॅट्रिक्स एक्सटेंडेड रिलीज गोळ्यांचं ऑप्टिमायझेशन. एफ२ मूल्य ६८. चार क्लिनिकल ट्रायल्समध्ये सहभाग.

त्यातलं काहीही खोटं नव्हतं, पण त्यावरून कुणी काही ठरवू शकत नव्हतं. अर्जाला आलेल्या मोजक्या फोनपैकी एकात एचआरच्या मुलीने विचारलं होतं, ‘मॅडम, ट्रायलमध्ये तुम्ही पेशंटना औषध देत होत्या का?’ त्यांना तो प्रश्न लागला. मला वाटतं, तो प्रश्न अगदी रास्त होता. ‘क्लिनिकल ट्रायल’ वाचून बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दवाखाना आणि रुग्णच येतात.

प्रत्यक्षात ते चारही जैवसमतुल्यता अभ्यास होते, म्हणजे बीई स्टडी. आपल्याकडच्या २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांतही या दोन गोष्टींच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. बीई अभ्यासात सहसा रुग्ण नसतात, निरोगी स्वयंसेवक असतात. एकदा मूळ कंपनीची गोळी आणि काही दिवसांच्या खंडानंतर आपली गोळी दिली जाते, कुणाला आधी ही, कुणाला आधी ती. रक्ताचे नमुने घेऊन दोन गोष्टी पाहतात: औषधाची सर्वोच्च पातळी किती चढली आणि एकूण किती औषध रक्तात पोहोचलं. हे सगळं एक बाहेरची संशोधन संस्था करते आणि तिथला प्रमुख अन्वेषक डॉक्टर जबाबदार असतो. आमच्या संशोधिका त्या अभ्यासासाठी गोळी बनवून देत आणि निकाल आल्यावर गोळीचं काय करायचं ते सांगत. म्हणजे ‘ट्रायलमध्ये सहभाग’ हे शब्द एकीकडे त्यांचं काम फुगवत होते आणि दुसरीकडे त्यांचं खरं काम झाकत होते.

## पर्याय कोणते होते

पहिला पर्याय शब्द सोपे करण्याचा. ‘एफ२’ऐवजी ‘गोळी विरघळण्यातलं साम्य’, ‘मॅट्रिक्स’ऐवजी ‘हळू सोडणारी रचना’. जाहिरातीतले शब्द पेरले की संगणकाची पहिली चाळणीही पार होते. काम दोन दिवसांचं होतं. पण वाचणाऱ्याचा ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

दुसरा पर्याय त्यांच्या एका मैत्रिणीने सुचवला होता: प्रयोगशाळा मागे ढकलायची आणि ‘नेतृत्व’, ‘समन्वय’, ‘वेळेचं नियोजन’ अशा मथळ्यांखाली सगळं मांडायचं. त्यात धोका असा की नऊ वर्षं काम केलेला माणूस कुठेच उभा दिसत नाही. मुलाखतीत पहिल्याच ‘उदाहरण द्या’ला परत प्रयोगशाळेतच यावं लागतं, तेही तयारीविना.

तिसरा पर्याय होता नियामक व्यवहारांचा एक वर्षाचा डिप्लोमा आधी करायचा. हा वाईट नव्हता, आणि नियामक विभागातल्या जागांसाठी आजही मी तो नाकारणार नाही. मात्र विभाग हलायला काही महिनेच उरले होते.

चौथा पर्याय आम्ही घेतला. नऊ वर्षांतून मोजकी तीन प्रकरणं निवडायची आणि प्रत्येकात एवढंच सांगायचं: कोणता निर्णय अडला होता, त्यांनी कोणता पुरावा पुढे ठेवला, निर्णय कुणी घेतला, आणि त्याचा वेळेवर किंवा निकालावर काय परिणाम झाला. बाकी सगळं शेवटच्या अर्ध्या पानात.

यातलं पहिलं प्रकरण निवडतानाच खरी चर्चा झाली, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

## काय केलं

‘एफ२ मूल्य ६८’ या आकड्याबद्दल मी विचारलं. प्रयोगशाळेत दोन गोळ्या पाण्यासारख्या माध्यमात विरघळवून त्यांचे आलेख ताडून पाहतात. एफ२ हा त्या साम्याचा आकडा. ५० किंवा त्याहून जास्त आला तर आलेख सारखे मानतात. ६८ म्हणजे चांगलाच. ‘मग माणसांवरच्या अभ्यासात काय झालं?’ असं विचारल्यावर त्या थोडं थांबून म्हणाल्या, ‘पायलट चुकला.’

प्रोफाइलमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता.

पायलट म्हणजे मोजक्या स्वयंसेवकांवरचा पहिला अभ्यास. तो कायद्याच्या दृष्टीने पास-नापास ठरवत नाही, दिशा दाखवतो. त्यात त्यांच्या गोळीने चढलेली सर्वोच्च पातळी मूळ गोळीच्या ११८ टक्के आली, आणि त्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असावं असं धरतात तो पट्टा, १०७ ते १३० असा पसरला. अंतिम अभ्यासात हा अख्खा अंतराल ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. (बाहेर अनेकांचा समज असा की जेनेरिक औषध मूळच्या ८० टक्केही चालतं. तसं नाही. अंतरालाची दोन्ही टोकं आत हवीत, म्हणून सरासरी गुणोत्तर शंभराच्या जवळच असावं लागतं.)

म्हणजे जो आकडा त्या प्रोफाइलमध्ये मिरवत होत्या, त्यानेच सगळ्यांना निर्धास्त केलं होतं. प्रयोगशाळेतली चाचणी ‘दोन्ही गोळ्या सारख्या’ म्हणत होती आणि माणसाचं शरीर ‘नाही’ म्हणत होतं. पुढचे काही आठवडे त्यांनी ती चाचणीच तपासली. माध्यमाची आम्लता आणि ढवळण्याचा वेग बदलून पाहिला, तेव्हा एका स्थितीत फरक दिसला: पहिल्या दोन तासांत आपली गोळी मूळ गोळीपेक्षा भरभर सुटत होती. एचपीएमसी हा पाण्यात फुगून जेलीसारखा थर धरणारा पदार्थ. तो थर पुरेसा लवकर घट्ट होत नव्हता. त्यांनी जास्त चिकट जातीचं एचपीएमसी घेऊन प्रमाण बदललं आणि नव्या चाचणीवर गोळी पुन्हा बसवली.

दरम्यान बैठकीत दुसरं मत जोरात होतं. विक्री विभागाला तारीख हवी होती. गोळी आहे तशीच ठेवून थेट मोठा अभ्यास करा, स्वयंसेवक वाढवले की अंतराल आखडतो, असं म्हणणं होतं. यात तथ्य आहे. स्वयंसेवक वाढले की अंतराल अरुंद होतो, पण त्याचा मध्य हलत नाही. मध्य ११८ वरच राहिला तर वरच्या सीमेपर्यंत जेमतेम सात अंक उरतात. शिवाय मोठ्या अभ्यासासाठी गोळ्या मोठ्या बॅचमधून लागतात. अमेरिकेतल्या औषध-मंजुरीच्या अर्जासाठी अशा तीन बॅचेस आणि ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून मिळवलेली स्थिरतेची माहिती द्यावी लागते. त्या टप्प्यावर गोळी बदलायची वेळ आली तर तीनही बॅचेस वाया जातात आणि सहा महिन्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्यांनी हेच मांडलं: आत्ता थांबलो तर साधारण पाच महिने जातील, मोठ्या अभ्यासानंतर थांबलो तर त्याच्या कितीतरी पट. प्रकल्पप्रमुखांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. दुसऱ्या पायलटमध्ये गुणोत्तर १०३ आणि अंतराल ९५ ते ११२ आला. त्यानंतरचा मोठा अभ्यास पहिल्याच वेळी निकषात बसला.

वित्त विभागाच्या माणसाला एफ२ कळणार नाही. पण हा पाच महिन्यांचा सौदा त्याला पहिल्या वाचनात कळतो. नवी नोंद अशी झाली:

> दिवसातून एकदा घ्यायच्या एका जेनेरिक गोळीचा पहिला छोटा मानवी अभ्यास अपेक्षेबाहेर गेला: रक्तातली सर्वोच्च पातळी मूळ औषधापेक्षा १८ टक्के जास्त. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी हा फरक पकडत नाही, हे मी शोधलं आणि तो पकडणारी चाचणी तयार केली. मोठा अभ्यास पुढे ढकलून आधी गोळी बदलावी, अशी शिफारस केली. प्रकल्पप्रमुखांनी ती स्वीकारली. पाच महिने जास्त लागले. बदललेल्या गोळीचा मोठा अभ्यास पहिल्याच वेळी निकषात बसला.

या पाच-सहा वाक्यांवर तीन ठिकाणी बरीच चर्चा झाली.

एक, अपयश लिहायचं की नाही. त्या तयार नव्हत्या. मी आग्रह धरला, कारण अपयश काढलं तर उरतं ‘गोळी बनवली, पास झाली’, आणि त्यात त्यांच्या विचाराचा मागमूस राहत नाही. चाचणी म्हणून आम्ही मसुदा त्यांच्या दिरांना वाचायला दिला. ते बँकेत कर्ज विभागात आहेत, औषधांशी संबंध फक्त ॲसिडिटीपुरता. वाचून म्हणाले, ‘वहिनी, बाकी समजलं. पण पाच महिने उशीर झाला हे आपणच कशाला सांगून राहिल्या?’ त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तो उशीर मीच मागितला होता.’ तेव्हापासून ती ओळ काढायचा विषय निघाला नाही. शिवाय दीर ‘बाकी समजलं’ म्हणाले, हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं. त्यांना मसुदा बाजूला ठेवून तीच गोष्ट सांगायला सांगितली, आणि त्यांनी ती बरोबर सांगितली.

दोन, ‘किती वाचवले’. असा आकडा टाकावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यांनी प्रकल्पाचा खर्च कधी पाहिलेला नव्हता. बॅचची किंमत, अभ्यासाची किंमत अंदाजाने धरून कोटींचा आकडा काढता आला असता, पण मुलाखतीत वित्तप्रमुखाने ‘हे कसं काढलं?’ विचारलं असतं तर तिथेच सगळं ढासळलं असतं. महिने त्यांना स्वतःला माहीत होते, म्हणून महिने ठेवले.

तीन, गोपनीयता. औषध मंजूर झालं की त्याचं नाव जाहीर यादीत येतं, त्यामुळे ते लिहायला हरकत नाही, असं त्यांना वाटत होतं. मात्र मंजुरी जाहीर असते, फसलेला पायलट जाहीर नसतो. दोन्ही एकाच नोंदीत आले तर कंपनीची आतली गोष्ट फुटते. त्यांचा करार काढून वाचला. नोकरी सोडल्यानंतरही तो लागू होता. म्हणून औषधाचं नाव, मात्रा, आजाराचा गट, मूळ कंपनी, यातलं काहीच ठेवलं नाही. आधी ‘हृदयविकारावरची’ असा शब्द होता, तोही काढला, कारण त्या कंपनीच्या अशा गोळ्या दोनच होत्या.

शोधनिबंधांचा भाग लवकर आटोपला. ११ पैकी तीन ठेवले, तेही ज्यात त्यांचं नाव पहिलं होतं किंवा पत्रव्यवहाराची जबाबदारी त्यांच्याकडे होती असे. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरऐवजी प्रत्येकाखाली एक ओळ: प्रश्न काय होता आणि त्यात मी काय केलं. उरलेली यादी ओआरसीआयडी या संशोधकांच्या ऑनलाइन नोंदीच्या दुव्यावर. ‘चार क्लिनिकल ट्रायल्स’ची ओळ बदलून ‘चार जैवसमतुल्यता अभ्यासांसाठी गोळीची रचना आणि निकालानंतरच्या तांत्रिक शिफारशी’ अशी केली. एकूण दोन पानं झाली.

## निकाल

नव्या प्रोफाइलवर चार जागांसाठी अर्ज गेले. नियामक विभागाच्या एका जागेने सरळ नकार दिला: त्यांना औषध-मंजुरीचा अर्ज प्रत्यक्ष भरलेला माणूस हवा होता, आणि तो अनुभव त्यांच्याकडे खरंच नव्हता. एकीकडून काही उत्तर आलं नाही. दोन ठिकाणी मुलाखत झाली.

त्यातल्या एका ठिकाणी समोर उत्पादनप्रमुख, वित्तप्रमुख आणि एचआर असे तिघे होते. बराचसा वेळ त्या पहिल्या नोंदीवरच गेला. वित्तप्रमुखांनी विचारलं, ‘विक्री विभागाने पाच महिने द्यायला नकार दिला असता तर?’ याचं उत्तर प्रोफाइलमध्ये नव्हतं, पण त्यांच्याकडे तयार होतं: मग मोठ्या अभ्यासात स्वयंसेवक वाढवावे लागले असते आणि तरीही तो चुकण्याची शक्यता लेखी नोंदवावी लागली असती. प्रयोगशाळेबद्दल एकही प्रश्न आला नाही.

नंतर आधीच्या प्रकल्पप्रमुखांना फोन गेला. ते म्हणाले, ‘प्रकल्प माझा होता, निर्णय माझा होता. पण थांबायला तिनेच लावलं.’ हे आम्हाला एचआरकडून नंतर कळलं. प्रोफाइलमध्ये ‘निर्णय घेतला’ किंवा ‘प्रकल्पाचं नेतृत्व केलं’ असं असतं तर याच वाक्याने त्यांचा अर्ज पडला असता. ‘शिफारस केली, प्रकल्पप्रमुखांनी ती स्वीकारली’ असं होतं, म्हणून त्याच वाक्याने दुजोरा मिळाला.

उत्पादन-विकास प्रकल्प समन्वयक म्हणून जागा मिळाली. हुद्दा त्यांना हवा होता त्याहून एक पायरी खाली, पगार जवळपास आधीइतकाच, आणि सहा महिन्यांनी फेरआढावा. त्यांनी ते स्वीकारलं. नागपुरातच राहायचं असेल तर हा सौदा मलाही वाजवी वाटला, पण ‘प्रोफाइल बदललं आणि पगार वाढला’ अशी ही गोष्ट नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

खर्चाचा आकडा मिळवायची वेळ नोकरीत असतानाची होती. विभाग हलणार हे कळल्यावर प्रकल्प समन्वयकाकडून ‘पायलटला साधारण किती खर्च येतो, एका बॅचला किती’ एवढं समजून घेता आलं असतं, प्रोफाइलमध्ये छापायला नव्हे, तर मुलाखतीत प्रमाण सांगता यावं म्हणून. प्रकल्प व्यवस्थापनाच्या जागेवर हा भाग लंगडाच राहिला, आणि हुद्दा एक पायरी खाली येण्यामागे तेच कारण असावं असा माझा कयास आहे.

जुन्या प्रकल्पप्रमुखांना नोंद आधी दाखवायला हवी होती. या वेळी त्यांचं बोलणं जुळलं. पण पाच वर्षांपूर्वीची बैठक दोन माणसांना एकसारखी आठवेलच, असं गृहीत धरता येत नाही. पाच ओळी व्हॉट्सॲपवर पाठवून ‘सर, हे बरोबर आहे ना?’ विचारायला पाच मिनिटं लागतात. शिवाय त्यातून गोपनीयतेवर त्यांचा आक्षेप असेल तर तोही वेळेवर कळतो.

तिसरी गोष्ट नियामक जागेची. त्या जागेला हेच प्रोफाइल पाठवण्याऐवजी वेगळं प्रकरण वर घ्यायला हवं होतं. दुसऱ्या एका उत्पादनाच्या अर्जावर नियामकांनी विरघळण्याच्या चाचणीबद्दल शंका काढली होती आणि तिच्या उत्तराचा तांत्रिक मसुदा यांनीच लिहिला होता. अर्ज भरण्याचा अनुभव म्हणून ते खपलं नसतं, पण नियामकांच्या प्रश्नाला उत्तर लिहिलेला माणूस म्हणून कदाचित बोलावणं आलं असतं. ते प्रकरण आता प्रोफाइलमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि फेरआढाव्याच्या वेळी त्या तेच पुढे ठेवणार आहेत.